विश्लेषण : ऐकीव गोष्ट पुरावा नाही, मग मरणाऱ्याने सांगितलेली गोष्ट पुरावा कशी?

‘मी पाहिले नाही, पण मला अमक्याने सांगितले’ असे साक्षीदार म्हणू लागला की बचाव पक्षाचा वकील उठून हरकत घेतो, हे दृश्य चित्रपटांमुळे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. तरीही खुनाच्या अनेक खटल्यांमध्ये साक्षीदार नेमके हेच सांगतात आणि त्यावर आरोपीला जन्मठेप होते. यात विसंगती आहे का? हे समजून घेण्यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्यांना घालतात तसा एक प्रश्न घेऊ आणि तो तुकड्यातुकड्याने सोडवू.

प्रश्न काय आहे?

समजा, सोलापुरात एक भाजीविक्रेता रात्री साडेनऊच्या सुमारास रस्त्याकडेला पोटात चाकूचे वार झालेल्या अवस्थेत सापडतो. एक रिक्षाचालक त्याला उचलून रुग्णालयात नेतो. वार होताना रिक्षाचालकाने काहीही पाहिलेले नाही. वाटेत जखमी माणूस त्याला चार गोष्टी सांगतो.

पहिली : ‘दिलीपने भोसकले मला.’

दुसरी : ‘दुपारी त्याचा फोन आला होता. उसने पैसे परत देतो, गोदामापाशी ये म्हणाला, म्हणून गेलो होतो.’

तिसरी : ‘माझ्या चुलत भावाने त्याला सुपारी दिली आहे, असे शेजारचे काका सांगत होते.’

चौथी : ‘गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोराला मारले, तेही यानेच.’

पहाटे तीन वाजता भाजीविक्रेत्याचा मृत्यू होतो. दिलीपवर खुनाचा खटला उभा राहतो आणि रिक्षाचालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. या चारपैकी कोणती वाक्ये तो न्यायालयाला सांगू शकतो?

‘सगळी सांगू शकतो, कारण माणूस मेला आहे’ हे उत्तर चुकीचे आहे. ‘एकही नाही, कारण सगळे ऐकीव आहे’ हेही चुकीचेच.

ऐकीव म्हणजे नेमके काय?

‘कानाने ऐकलेले ते ऐकीव’ अशी सर्वसाधारण समजूत असते, पण कायद्याचा अर्थ तसा नाही. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ५५ सांगते. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच कलम ६० होते. पाहण्याची गोष्ट असेल तर ज्याने पाहिली त्याने सांगावी, ऐकण्याची असेल तर ज्याने ऐकली त्याने सांगावी, असा त्याचा साधा अर्थ आहे.

म्हणजे ‘जखमी माणूस अमुक शब्द बोलला’ ही रिक्षाचालकाने स्वतः ऐकलेली गोष्ट आहे. त्या शब्दांचा तो थेट साक्षीदार आहे. अडचण त्यापुढची आहे. सरकारी पक्षाला ‘तो असे बोलला’ एवढेच सिद्ध करायचे नसते. ‘तो बोलला म्हणून दिलीपनेच भोसकले’ असे सिद्ध करायचे असते, आणि दिलीपने भोसकले हे रिक्षाचालकाला ठाऊक नाही. ते ज्याला ठाऊक होते तो आता न्यायालयात येऊ शकत नाही.

तेच शब्द कोणत्या कामासाठी आणले आहेत, यावर ते ऐकीव ठरतात की नाही हे अवलंबून असते. मलाया तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता. तिथल्या सुब्रमण्यम नावाच्या आरोपीकडे दारूगोळा सापडला. दहशतवाद्यांनी धमकावून आपल्याला ताब्यात ठेवले होते, असा त्याचा बचाव होता. त्यांनी काय धमकी दिली हे सांगण्यापासून खालच्या न्यायालयाने त्याला ‘हे ऐकीव आहे’ म्हणून रोखले. १९५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे चूक ठरवले. धमकी खरी होती की पोकळ, हा मुद्दाच नव्हता. ती ऐकून आरोपीच्या मनावर काय परिणाम झाला हा मुद्दा होता, आणि त्यासाठी ‘असे शब्द उच्चारले गेले’ एवढे पुरेसे होते.

शब्दांमधला मजकूर खरा आहे हे दाखवण्यासाठी ते आणले, तर मात्र ऐकीव पुराव्याचा नियम आडवा येतो. मूळ बोलणाऱ्याने न्यायालयात शपथ घेतलेली नसते, न्यायाधीशांनी त्याला बोलताना पाहिलेले नसते आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याची उलटतपासणी घेता येत नाही. ‘अंधार होता, मग तुम्ही ओळखले कसे?’ हा प्रश्न रिक्षाचालकाला विचारून काय उपयोग?

पहिले वाक्य : ‘दिलीपने भोसकले मला’

हे वाक्य आत येते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मधील खंड (क) नुसार, मृत व्यक्तीने स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या घटनेतून मृत्यू ओढवला त्या घटनेच्या परिस्थितीविषयी केलेले विधान पुरावा म्हणून ग्राह्य आहे. जुन्या कायद्यात ते कलम ३२(१) होते. १ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेले खटले जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे अजून बरीच वर्षे दोन्ही क्रमांक निकालपत्रांत दिसतील.

या अपवादामागे ‘मरणाऱ्याच्या तोंडी खोटे येत नाही’ हे कारण सहसा दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. मरणाच्या दारातही माणूस रागाने किंवा गैरसमजाने बोलू शकतो. त्याहून भक्कम कारण व्यवहाराचे आहे. घाव बसताना तिथे बहुतेक वेळा दोनच माणसे असतात. त्यातला एक मेला आणि त्याचे शब्दही वगळले, तर साक्षीदार संपवणाऱ्यालाच त्याचा फायदा मिळेल.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मात्र या अपवादाचा सारा भार मरणाच्या जाणिवेवर होता. आपण वाचणार नाही याची बोलणाऱ्याला पूर्ण खात्री असली पाहिजे, अशी तिथली अट. १८६९ च्या जेंकिन्स खटल्यात एका मरणासन्न स्त्रीचा जबाब घेताना लिपिकाने ‘मला बरे होण्याची आशा नाही’ असे लिहिले. तो वाचून दाखवल्यावर तिने ‘सध्या’ हा शब्द घालायला लावला. ‘सध्या आशा नाही’ म्हणजे थोडी आशा शिल्लक आहे, असा अर्थ निघाला आणि एका शब्दापायी तो जबाब बाद झाला.

भारतात ही अट नाही. बोलताना मृत्यूची अपेक्षा होती की नव्हती याने फरक पडत नाही, असे कलमातच लिहिले आहे. भाजीविक्रेत्याला ‘दोन टाके पडतील आणि घरी जाऊ’ असे वाटत असले तरी त्याचे वाक्य चालते. तसेच ऐकणारा दंडाधिकारीच असला पाहिजे अशीही अट नाही. रिक्षाचालक, परिचारिका, शेजारीण, पोलीस, कोणीही चालते. एरवी पोलिसांपुढे दिलेला जबाब सरकारी पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण मृत्युपूर्व जबाबाला त्या बंदीतूनही सूट आहे.

बोलता आले पाहिजे, असेही नाही. १८८५ च्या अब्दुल्ला खटल्यात गळा चिरलेली एक मुलगी बोलू शकत नव्हती. तिला नावे विचारली गेली आणि तिने हाताच्या खुणांनी उत्तर दिले. प्रश्न आणि खुणा एकत्र धरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते तोंडी विधान मानले. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणात पीडितेचा तिसरा जबाब दंडाधिकाऱ्यांनी खुणा आणि तिने हाताने लिहिलेली उत्तरे यांच्या आधारेच नोंदवला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

दुसरे वाक्य : ‘पैसे देतो म्हणाला, म्हणून गेलो होतो’

यात वार करण्याचा उल्लेखच नाही. तरीही हे वाक्य आत येते, आणि त्याचे कारण एका लोखंडी पेटीच्या प्रकरणात सापडते.

मार्च १९३७ मध्ये पुरी रेल्वे स्थानकावर आगगाडीच्या डब्यात एक बेवारस पेटी सापडली. तिच्यात एका माणसाच्या मृतदेहाचे तुकडे होते. मृत व्यक्ती पिठापूर संस्थानाच्या दिवाणांकडे कामाला होती. घरातून निघण्याआधी त्याने बायकोला सांगितले होते की, आरोपीच्या पत्नीचे पत्र आले आहे, पैसे घ्यायला बेऱ्हामपूरला बोलावले आहे, मी जातो. पाकला नारायण स्वामी खटला म्हणून तो ओळखला जातो.

बचाव पक्षाचे म्हणणे असे की, हे वाक्य बोलताना मृत्यूचे कारणच घडलेले नव्हते. माणूस धडधाकट होता. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड अॅटकिन यांनी हा युक्तिवाद फेटाळला. कायद्यात ‘मृत्यूचे कारण’ आणि ‘घटनेची परिस्थिती’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. माणूस कुठे निघाला होता, कोणी बोलावले होते, कशासाठी निघाला होता, हे दुसऱ्या शब्दप्रयोगात बसते. मात्र त्या परिस्थितीचा प्रत्यक्ष घटनेशी जवळचा संबंध हवा. ‘मला त्याची भीती वाटते’ अशी मोघम वाक्ये त्यात येत नाहीत.

आपल्या प्रश्नात दुपारचा फोन आणि रात्रीचा वार यांत काही तासांचेच अंतर आहे, आणि जागाही तीच आहे. ‘दिलीप असे म्हणाला’ हे ऐकिवातले ऐकीव वाटेल, पण इथे दिलीप खरोखर पैसे देणार होता का, हे सिद्ध करायचे नाही. त्या बोलावण्यामुळे भाजीविक्रेता गोदामापाशी गेला, एवढेच दाखवायचे आहे. पोलिसांनी दुपारच्या कॉलची नोंद काढली तर या वाक्याला स्वतंत्र आधारही मिळेल.

जवळचा संबंध म्हणजे किती जवळचा, याची चर्चा पुण्यातील एका खटल्यात झाली. जून १९८२ मध्ये लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक विवाहिता सायनाईडच्या विषाने मरण पावली. तिने आधी बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. ती पत्रे म्हणजे मृत्युपूर्व जबाब का? शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, याला गजपट्टी नाही. छळाची साखळी अखंड असेल तर काही आठवड्यांपूर्वीची विधानेही त्या घटनेचा भाग ठरू शकतात. पत्रे पुराव्यात घेतली गेली. पण ती वाचल्यावर आत्महत्येची शक्यताही पुसली जात नाही, असे न्यायालयाला दिसले आणि पतीची निर्दोष सुटका झाली. पुरावा दारातून आत आला, तरी तो पुरेसा ठरतोच असे नाही.

तिसरे वाक्य : ‘शेजारचे काका सांगत होते’

इथे दार बंद होते. कलम २६ एकाच पातळीवरच्या ऐकिवाला सूट देते, म्हणजे मृताने स्वतः जे अनुभवले ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याला. भाजीविक्रेत्याने सुपारी देताना काही पाहिले नव्हते. तो जिवंत असता आणि पिंजऱ्यात उभा राहून हेच म्हणाला असता, तरी ‘काकांनी सांगितले’ म्हणून ते ऐकीवच ठरले असते. मृत्यूमुळे बोलणाऱ्याचे ज्ञान वाढत नाही. जे वाक्य तो जिवंतपणी सांगू शकला नसता, ते मेल्यावर त्याच्या वतीने रिक्षाचालकालाही सांगता येत नाही.

पण पोलिसांच्या दृष्टीने हे वाक्य निरुपयोगी नाही. ते तपासाची दिशा दाखवते. काका जिवंत आहेत. त्यांना गाठून ‘तुम्हाला हे कसे कळले?’ असे विचारता येते. त्यांनी स्वतः पैशांची देवाणघेवाण पाहिली असेल तर त्यांनीच साक्ष द्यावी. ‘चहाच्या टपरीवर चर्चा होती’ असे ते म्हणाले, तर धागा तिथेच तुटला. ऐकीव पुराव्याचा नियम का आहे, हे या वाक्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. मागे मागे जात राहिले की अनेकदा शेवटी कोणीच उभे नसते.

चौथे वाक्य : ‘त्या पोराला मारले, तेही यानेच’

कलमातील ‘स्वतःच्या मृत्यूचे’ हा शब्द इथे आडवा येतो. रतन गोंड विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात एका लहान मुलीचा खून झाला होता. तिच्या बहिणीने काही लोकांना आरोपीविषयी माहिती सांगितली होती, पण न्यायालयात साक्ष देण्याआधीच ती बहीणही मरण पावली. तिची विधाने कलम ३२(१) खाली घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ती विधाने तिच्या स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी नव्हती.

एकाच हल्ल्यात दोघांवर वार झाले असते आणि एकाने दुसऱ्यावरचा वारही सांगितला असता, तर ‘ज्या घटनेतून मृत्यू ओढवला त्या घटनेची परिस्थिती’ म्हणून ते आत येऊ शकले असते. गेल्या वर्षीचा खून ही वेगळी घटना आहे. ती या खटल्यात येत नाही, आणि त्या पोराच्या खुनाच्या खटल्यातही हे वाक्य मृत्युपूर्व जबाब म्हणून चालणार नाही.

तर उत्तर असे : पहिले दोन आत, शेवटचे दोन बाहेर. आता प्रश्नातली परिस्थिती थोडी बदलून पाहू.

जखमी माणूस वाचला तर?

मग तो मृत्युपूर्व जबाब उरतच नाही, जरी तो दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलेला असला आणि कागदावर तसे शीर्षक असले तरीही. माणूस जिवंत आहे म्हणजे त्याने स्वतः पिंजऱ्यात यावे आणि उलटतपासणीला सामोरे जावे. आधीचा जबाब फक्त पूरक म्हणून वापरता येतो. तो न्यायालयातही तेच बोलला तर दुजोरा म्हणून आणि वेगळे बोलला तर विसंगती दाखवण्यासाठी. १९८३ च्या मकसूदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे.

माणूस मेला, पण वेगळ्याच कारणाने मेला तर?

हा बारकावा बातम्यांमध्ये फारसा येत नाही, पण खटला इथे कोसळू शकतो. उत्तर प्रदेशातील मोती सिंह खटल्यात गोळीबारात जखमी झालेल्या एका माणसाचा जबाब नोंदवला गेला. नंतर तो रुग्णालयातून बाहेर पडला आणि घटनेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी मरण पावला. शवविच्छेदन न करताच अंत्यसंस्कार झाले. तो गोळीच्या जखमांनीच मेला, हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही. त्यामुळे त्याने सांगितलेले ‘मृत्यूच्या कारणाविषयी’ आहे, असे म्हणायला आधार राहिला नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तो जबाब बाजूला ठेवला.

आपला भाजीविक्रेता बरा होऊन घरी गेला असता आणि महिन्याभराने तापाने दगावला असता, तर रिक्षाचालकाचे पहिले वाक्यही गेले असते. जखमी व्यक्ती नंतर मरण पावल्यास, कितीही दिवसांनी का असेना, शवविच्छेदनाचा आग्रह का धरायचा त्याचे हे एक कारण आहे.

जबाब आत आला. पुढे काय?

पुढचा प्रश्न विश्वासाचा. एवढ्या एका जबाबावर शिक्षा देता येते का? १९५३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुजोऱ्याशिवाय तसे करणे सुरक्षित नाही, असा सूर लावला होता. तो सूर बदलला नागपूरच्या एका खटल्याने.

१२ फेब्रुवारी १९५६ च्या रात्री नऊच्या सुमारास नागपुरात एका माणसावर तलवारी-भाल्यांनी हल्ला झाला. त्याला मेयो रुग्णालयात नेले. रात्री ९ वाजून २५ मिनिटांनी डॉक्टरांनी त्याला काय झाले ते विचारून केसपेपरवर टिपले. ९.४५ ला पोलीस उपनिरीक्षकाने जबाब घेतला. ११.१५ ते ११.३५ या वेळेत दंडाधिकाऱ्यांनी तिसरा जबाब नोंदवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस मरण पावला.

दोन तासांत, तीन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे लिहिलेल्या या तिन्ही जबाबांत खुशाल आणि तुकाराम ही दोन नावे होती. पण वस्तीत तुकाराम नावाचे एकाहून अधिक जण होते, आणि जबाबांमध्ये त्याची जात वेगवेगळी लिहिली गेली होती. पिंजऱ्यातला तुकाराम तोच कशावरून? उच्च न्यायालयाने त्याला संशयाचा फायदा दिला. खुशालबाबत असा गोंधळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली. जबाब खरा आणि स्वेच्छेने दिलेला आहे अशी न्यायालयाची खात्री पटली, तर दुजोऱ्याशिवायही त्यावर शिक्षा होऊ शकते, हे ‘खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालाचे सूत्र आजही उद्धृत होते.

एकाच जबाबाचा एक भाग एका आरोपीला पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, हे या निकालातले विशेष शिकण्यासारखे आहे. मरणारा खोटे बोलला असे कोणी म्हटले नव्हते. तो खरे बोलला असेलही, पण ‘तुकाराम’ म्हणजे कोण, हे विचारायला तो उरला नव्हता.

डॉक्टरांचा दाखला नसेल तर?

रुग्णालयातली रूढ पद्धत अशी : पोलीस दंडाधिकाऱ्यांना पत्र देतात. दंडाधिकारी वॉर्डात येतात. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का, हे डॉक्टर तपासून लिहून देतात. नातेवाईक आणि पोलीस यांना बाहेर पाठवले जाते. मग प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात, शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत जबाब लिहिला जातो, वाचून दाखवला जातो आणि त्यावर सही किंवा अंगठा घेतला जातो. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहिली जाते.

यातला डॉक्टरांचा दाखला किती आवश्यक, यावर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन त्रिसदस्यीय खंडपीठांचे मत वेगळे पडले. एका प्रकरणात ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ एवढेच लिहिले होते, ‘मानसिकदृष्ट्या सक्षम आहे’ असे नव्हते, म्हणून जबाब नाकारला गेला. दुसऱ्यात दंडाधिकाऱ्यांचे स्वतःचे समाधान पुरेसे मानले गेले. अखेर २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुसरे मत योग्य ठरवले. दाखला ही सावधगिरी आहे, अट नाही. जबाब घेणाऱ्याची साक्ष न्यायालयाला पटली तर दाखल्याविनाही जबाब चालतो.

जळीत प्रकरणांत मात्र कागद नीट पाहावा लागतो. पंजाबमधील ज्ञान कौर खटल्यात मृत महिलेचे दोन्ही अंगठे भाजले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. जबाबावरच्या ठशात मात्र रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. भाजलेल्या कातडीवर त्या कशा राहिल्या, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही आणि न्यायालयाने त्या जबाबावर विश्वास ठेवला नाही.

रिक्षाचालकाला काय विचारले जाईल?

आपल्या प्रश्नात दंडाधिकारी नाहीत, कागद नाही, ठसा नाही. फक्त एका माणसाची स्मरणशक्ती आहे. मरणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून बचाव पक्ष सारा जोर ऐकणाऱ्यावर लावतो.

जखमी आपणहून बोलला, की ‘दिलीपनेच मारले ना?’ असे विचारल्यावर त्याने मान हलवली? रिक्षात आणखी कोण बसले होते? नातेवाईक असतील तर नाव त्यांनी सुचवले का? त्याचे नेमके शब्द काय होते? पूर्ण नाव, आडनाव, टोपणनाव यांपैकी काही सांगितले का, की नागपूरच्या तुकारामासारखे नुसतेच ‘दिलीप’? रुग्णालयात पोहोचल्यावर हे नाव डॉक्टरांना किंवा चौकीतल्या पोलिसाला सांगितले का?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण जातो. रुग्णालयाच्या नोंदीत ‘अनोळखी व्यक्तीने मारहाण’ असे लिहिले गेले असेल आणि दिलीपचे नाव रिक्षाचालकाच्या जबाबात तीन आठवड्यांनी प्रथम आले असेल, तर त्या मधल्या दिवसांचा हिशेब सरकारी पक्षाला द्यावा लागेल. उलट, त्याच रात्री दहा वाजता त्याने ते नाव सांगितले असेल आणि केसपेपरवर त्याची एक ओळ असेल, तर पुढे काही वर्षांनी साक्षीला उभे राहताना त्याला केवळ आठवणीवर विसंबावे लागणार नाही.